अचानक धाप, ईसीजी बरा, एक्स-रे स्वच्छ: फुप्फुसात गुठळी आहे हे ठरवतात कसं?

मृद्गंध

आई सदुसष्ट वर्षांची. उजव्या गुडघ्याची वाटी बदलून तिसरा आठवडा चालू होता. टाके निघाले होते, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरत होती. शनिवारी सकाळी बाथरूममधून बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभीच राहिली. एक वाक्य सलग बोलता येईना, घामाने गाऊन भिजला. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली, "हवाच पुरत नाही गं" एवढंच.

जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. हार्ट अ‍ॅटॅक नाही, अ‍ॅसिडिटी आणि घबराट असेल असं सांगून इंजेक्शन दिलं. तासाभराने बसल्या जागीही धाप थांबेना, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे नाडी ११२, ऑक्सिजन ९२, बीपी १२८/८०. एक्स-रे स्वच्छ. फिजिशियननी ऑपरेशनबद्दल बरंच विचारलं, टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, क्रिएटिनिनसाठी रक्त पाठवलं आणि सरळ कॉन्ट्रास्टचा सीटी सांगितला. सीटीला नेण्याआधीच पोटावर रक्त पातळ करण्याचं इंजेक्शनही दिलं. सीटीत दोन्ही फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या निघाल्या.

आई आता वॉर्डात आहे, ऑक्सिजन काढलाय, जेवतेय. पण भाऊ मेलबर्नहून रोज फोनवर म्हणतो की आधी डी-डायमर करायला हवी होती, ती न करता एवढी मोठी तपासणी कशी केली. खरंच एक पायरी गाळली गेली का? आणि पहिल्या डॉक्टरांना कशावरून शंका येऊ शकली असती? इथे डॉक्टर मंडळी आहेत, अनुभवीही आहेत, म्हणून विचारतेय.

केवडा

बाप रे. आईंना लवकर बरं वाटो. वाचतेय.

भटक्या

तुमच्या भावाचं बरोबर आहे. डी-डायमर म्हणजे गुठळीचीच टेस्ट. जास्त आली तर गुठळी आहे, कमी आली तर नाही. कोविडच्या वेळी सगळ्यांच्या करायचे. एका साध्या रक्ततपासणीत कळलं असतं, तर थेट सीटी कशाला?

बाकी घरी ऑक्सिमीटर ठेवा. ९५ च्या वर असेल तर निश्चिंत राहायचं.

स्टेथो

भटक्या, निम्मं बरोबर आहे तुमचं. कमी आली तर गुठळी नाही, हे बऱ्याच रुग्णांत चालतं. जास्त आली तर गुठळी आहे, हे मात्र चालत नाही.

शरीरात कुठेही रक्त गोठून पुन्हा विरघळायला लागलं की त्याचे बारीक तुकडे रक्तात उतरतात, आणि ही तपासणी ते तुकडे मोजते. गुडघा बदलला की हाड कापलेलं असतं, आत रक्त साकळलेलं असतं, जखम भरत असते. तिसऱ्या आठवड्यात मृद्गंधताईंच्या आईंची डी-डायमर केली असती तर ती वाढलेलीच येणार होती, फुप्फुसात गुठळी असो वा नसो. न्यूमोनिया, कॅन्सर, गरोदरपण आणि नुसतं वाढतं वय यांतही ती वाढते. मग उत्तर "जास्त" आल्यावर डॉक्टर करणार काय? सीटीच. म्हणजे तासभर फुकट गेला असता.

ती उपयोगी पडते ती शंका कमी असताना. तरुण माणूस, ऑपरेशन नाही, पाय सुजलेला नाही, नाडी ठीक, तरी दम लागतोय. अशा वेळी डी-डायमर कमी आली तर सीटी टळतो. तिचं काम सीटी वाचवण्याचं आहे.

त्यामुळे पहिली पायरी रक्ताची नाहीच. मागच्या चार आठवड्यांत काय घडलं, हा प्रश्न ही पहिली पायरी. तो त्या फिजिशियननी विचारला, म्हणून पुढचं सगळं वेगाने झालं.

मृद्गंध

स्टेथो, मनापासून आभार. पोटऱ्या मोजल्या त्याचं काय? उजवा पाय तर ऑपरेशनचाच, तो सुजलेला होताच. आम्हालाही त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

खिडकीपाशी

माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. धाप लागली की आम्ही इन्हेलरचे पफ देतो आणि दहा मिनिटांत फरक पडतो. तुमच्या आईंना कोणी इन्हेलर देऊन पाहिला नाही का? सीटीपेक्षा तो सोपा.

स्टेथो

खिडकीपाशी, दम्यात श्वासनलिका आवळतात, हवा आत-बाहेर करायला त्रास होतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. इन्हेलर त्या नलिका मोकळ्या करतो. इथे नलिका मोकळ्याच होत्या. हवा फुप्फुसात व्यवस्थित पोचत होती, पण तिथे रक्त पोचत नव्हतं, कारण वाटेत गुठळी. म्हणून आवाज स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ आणि माणूस मात्र धापा टाकतोय. ही विसंगती दिसली की गुठळीचा विचार करायचा.

मृद्गंधताई, पोटऱ्यांबद्दल. फुप्फुसातली गुठळी बहुतेक वेळा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत तयार होते आणि सुटून वर जाते. म्हणून गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्हीकडे घेर मोजतात. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याला महत्त्व देतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हे माप अडचणीचं होतं, कारण ऑपरेशनचा पाय सुजलेला असतोच. माझ्या ओपीडीत मी अशा वेळी विचारतो की सूज रोज उतरत होती आणि मग एकाएकी परत वाढली, असं झालं का?

मृद्गंध

झालं होतं! गुरुवारी फिजिओ करणाऱ्या मुलीने "आज पोटरी टणक लागतेय" असं म्हटलं होतं. आम्ही उशी घेऊन पाय वर ठेवला आणि विसरून गेलो.

उंबरठा

माझा अनुभव लिहिते, कारण यात ऑपरेशन नव्हतं आणि वयही नव्हतं.

मी तेव्हा चौतीस वर्षांची. गौरी-गणपतीत पाळी यायला नको म्हणून पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या. आमच्याकडे सगळ्याच घेतात, मेडिकलमध्ये मागितल्या की मिळतात. दिवसाला तीन. सण झाल्यावर स्लीपर बसने रात्रभर प्रवास करून परत आले. पुढच्या आठवड्यात ऑफिसचा एक मजला चढताना मध्येच थांबावं लागलं. खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं दुखायचं. एका ठिकाणी स्नायू दुखावलाय म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी दम्याची सुरुवात म्हणून इन्हेलर दिला. ऑक्सिजन ९७ होता, त्यामुळे सगळे निश्चिंत.

तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिन्यात कुठली गोळी घेतली होती का? मी नाही म्हणाले. पाळी लांबवायची गोळी मला औषध वाटतच नव्हती! त्यांनी पुन्हा नाव घेऊन विचारलं, तेव्हा लक्षात आलं. डी-डायमर वाढलेली आली, मग सीटी, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात छोट्या गुठळ्या. तीन महिने गोळ्या घेतल्या.

भटक्या, ९५ च्या वर म्हणजे निश्चिंत, हे कृपा करून कोणाला सांगू नका.

कोकणकन्या

उंबरठा, पाळी लांबवायच्या गोळीने असं होतं? मी तर दरवर्षी घेते. आता भीतीच वाटायला लागली.

स्टेथो

ऑक्सिजनबद्दल उंबरठा यांच्याशी पूर्ण सहमत. छोट्या गुठळ्यांत, विशेषतः तरुण माणसांत, तो नॉर्मल राहू शकतो.

कोकणकन्या, त्या गोळीत नोरेथिस्टेरॉन असतं. पाळी लांबवायला ते ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या असं मोठ्या मात्रेत देतात, आणि त्या मात्रेत शरीर त्यातला थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या ज्या घटकामुळे गुठळीचा धोका वाढतो, तोच हा. थोडे दिवस घेणाऱ्या बहुतेक बायकांना काही होत नाही, तेव्हा घाबरू नका. पण आधी कधी गुठळी झाली असेल, आई-बहिणीला झाली असेल, वजन बरंच जास्त असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल, तर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. डॉक्टरांना सांगितलं तर पाळी लांबवायला दुसऱ्या प्रकारची गोळीही असते. आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत धाप लागली तर ही गोळी घेतली होती हे आपण होऊन सांगायचं.

हिरवळ

वडिलांची (वय ७२) डी-डायमर सहज पॅकेजमध्ये केली गेली. ६४० आली आणि रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय'. घरात दोन दिवस झोप नाही. आमच्या डॉक्टरांनी बघून "काही करायचं नाही" म्हटलं. आता हा धागा वाचून पुन्हा धाकधूक.

स्टेथो

हिरवळ, वडिलांना धाप, छातीत दुखणं, पायाला सूज असं काही नाही ना? मग ही तपासणी करायलाच नको होती. त्रास नसताना पॅकेजमध्ये डी-डायमर घालणं मला अजिबात पटत नाही, फक्त घबराट विकली जाते.

आकड्याचं म्हणाल तर ५०० ही नेहमीची मर्यादा, पण पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा धरतात. बहात्तर वर्षांना ७२०. म्हणजे शंका कमी असलेल्या रुग्णातही ६४० नॉर्मलच धरलं असतं. एक मात्र बघा, सगळ्या लॅब एकाच एककात मोजत नाहीत. काही ठिकाणी मर्यादा साधारण निम्मी, २५० असते, आणि तिथे हा वयाचा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. तेव्हा आकड्याशेजारी लॅबने छापलेली मर्यादा वाचल्याशिवाय दोन रिपोर्टांची तुलना करू नका.

हिरवळ

त्रास काहीच नाही, रोज टेकडी चढतात. मर्यादा ५०० च छापलीय. आता झोप लागेल.

गावचा डॉक्टर

स्टेथो यांनी छान लिहिलंय, पण ते शहरातलं आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी आहे, सीटी दीड तासावर. माझ्यासमोर असा पेशंट आला तर काय करतो ते लिहितो.

ईसीजी काढतोच, पण गुठळी शोधायला नाही. हार्ट अ‍ॅटॅक आहे का ते बघायला. गुठळीच्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा ईसीजीत फक्त वेगाने चाललेलं हृदय दिसतं, बाकी काही नाही. पुस्तकात शिकवलेला खास नमुना थोड्याच जणांत सापडतो. त्यामुळे "ईसीजी बरा आहे" या वाक्याने धापेचं कारण कळत नाही. मृद्गंधताईंच्या पहिल्या डॉक्टरांचं तिथेच थांबलं. नाडी ११२ का, याचं उत्तर अ‍ॅसिडिटीत नव्हतं.

मग आमच्याकडच्या सोनोग्राफीच्या मशीनने मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या शिरा दाबून बघतो. निरोगी शीर दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर होत नाही. पाच-सात मिनिटांचं काम. शीर दबली नाही आणि वर धाप आहे, म्हणजे उपचार सुरू करायला मला तेवढं पुरतं. शीर दबली म्हणून गुठळी नाही असं मात्र म्हणता येत नाही, ती सगळीच वर गेलेली असू शकते. शंका दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर हेपॅरिनचा पहिला डोस देऊन १०८ बोलावतो. सीटी होईपर्यंत थांबत नाही.

स्टेथो

तुम्ही लिहिलंत तेच मोठ्या हॉस्पिटलातही झालं, सीटीआधी इंजेक्शन. फक्त ताज्या ऑपरेशनमध्ये गुडघ्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन करायचा असतो.

मृद्गंध

केला होता, माझ्यासमोरच. आता भावासाठी एक विचारते. "शंका दाट" हे मोजतात कसं? तो म्हणतो हे सगळं डॉक्टरांच्या मनावर आहे.

स्टेथो

मोजायची पद्धत आहे, कॅनडातल्या डॉ. फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखली जाते. तुमच्या आईंचेच गुण मांडतो. नाडी १०० च्या वर, दीड. चार आठवड्यांच्या आत ऑपरेशन, दीड. झाले तीन. पूर्वी गुठळी नाही, कॅन्सर नाही, खोकल्यातून रक्त नाही, तिथे शून्य. पायात गुठळीची लक्षणं असतील तर तीन गुण, पण ऑपरेशनचा पाय म्हणून ते मी सोडून देतो. शेवटचा प्रश्न असा की या धापेला गुठळीपेक्षा जास्त पटणारं दुसरं कारण आहे का? एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, ईसीजीत अ‍ॅटॅक नाही, शिट्टी नाही. म्हणजे नाही. त्याचे तीन. एकूण सहा. चारच्या वर गेलं की डी-डायमर न करता सरळ सीटी.

भावाचा मुद्दाही खोटा नाही. शेवटचे तीन गुण डॉक्टरच्या अंदाजावरच आहेत. एखाद्याला वाटलं असतं की दुसरं कारणही तितकंच शक्य आहे, तर बेरीज तीनवर थांबली असती आणि नियमाप्रमाणे आधी डी-डायमर झाली असती. ती ऑपरेशनमुळे वाढलेली आली असती आणि पुन्हा सीटीच. दोन्ही वाटांनी तिथेच पोचलो असतो.

भटक्या

हे पटलं. म्हणजे तीच टेस्ट एकाला उपयोगी आणि दुसऱ्याला निरुपयोगी. अजून एक शंका. गुठळी दिसली तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन का नाही दिलं? हार्ट अ‍ॅटॅकमध्ये देतात तसं.

गावचा डॉक्टर

ते बीपीवर ठरतं. बीपी ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिलं, माणूस थंड पडायला लागला, तर देतात, कारण तेव्हा जिवावर बेतलेलं असतं. पण त्याने कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूतही. तीन आठवड्यांपूर्वी हाड कापलेल्या बाईला, बीपी १२८ असताना ते देणं योग्य नाही. नेहमीची औषधं गुठळी वाढू देत नाहीत, आणि असलेली गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. टू-डी इको केला का हो ताई?

मृद्गंध

केला. हृदयाची उजवी बाजू थोडी मोठी झालीय असं लिहिलंय. म्हणून दोन रात्री आयसीयूत ठेवलं, वॉर्डात काल आणलं.

स्टेथो

बरोबर केलं. गुठळीमुळे फुप्फुसाकडे रक्त ढकलायला उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून ती ताणते. बीपी ठीक असलं तरी असे पेशंट पहिले एक-दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवावे लागतात.

केवडा

माझी वहिनी सात महिन्यांची गरोदर आहे आणि तिलाही जिना चढताना दम लागतो. तिथे सीटी कसा करणार?

स्टेथो

सातव्या महिन्यात जिन्यावर दम बऱ्याच जणींना लागतो, पण तो हळूहळू वाढत आलेला असतो. एकाएकी लागला असेल, किंवा एकच पाय सुजला असेल (गरोदरपणात बहुतेक वेळा डावा), तर आजच दाखवा. पायाला लक्षणं असतील तर आधी पायाची सोनोग्राफी करतात. तिथे गुठळी मिळाली तर छातीच्या स्कॅनशिवाय उपचार सुरू होतात. नाही मिळाली तर फुप्फुसाचा रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन किंवा सीटी, आणि गरज असेल तर दोन्ही करता येतात. बाळाला जाणारे किरण फार थोडे असतात. तपासणी टाळण्यात धोका जास्त आहे.

कोकणकन्या

मृद्गंध, आईंना ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी दिली नव्हती का? माझ्या सासूबाईंना पाच आठवडे दिली होती.

मृद्गंध

दिली होती, दोन आठवडे. ती संपून चार-पाच दिवसच झाले होते. मलाही हेच खटकतंय.

स्टेथो

यावर डॉक्टरांत एकमत नाही. गुडघ्यासाठी किमान १० ते १४ दिवस, आणि ३५ दिवसांपर्यंत वाढवता येतं, असं मार्गदर्शन आहे. काही सर्जन सुरुवातीच्या काही दिवसांनंतर अ‍ॅस्पिरिनवर आणतात, त्यालाही आधार आहे. दोन आठवडे म्हणजे चूक झाली असं मी म्हणणार नाही.

गावचा डॉक्टर

मी म्हणेन की वजन जास्त असेल आणि माणूस धड चालत नसेल तर दोन आठवडे कमीच. आमच्याकडे पेशंट घरी गेला की खाटेवरच असतो, सून उठू देत नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळीची शेवटची तारीख असते, पण गोळी संपल्यावर धाप लागली तर काय करायचं ते कुठेच नसतं. धोका ऑपरेशननंतर दोन-तीन महिने राहतो, हे घरच्यांना कोण सांगतं?

स्टेथो

डिस्चार्ज कार्डाबद्दल मान्य. दोन आठवड्यांबद्दल अजून नाही.

मृद्गंध

भावाला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सहा गुणांचा हिशेब समजला." आता त्याचा नवा प्रश्न: गोळी किती दिवस, आणि फिजिओ बंद ठेवायचा का? मावशी म्हणते पोटरीला तेल लावून चोळून देते.

स्टेथो

पोटरी चोळू नका, मावशींना कितीही वाईट वाटलं तरी. गोळी निदान तीन महिने. कारण ऑपरेशनचं होतं आणि ते तात्पुरतं आहे, म्हणून बहुधा तिथे थांबवता येईल. पण परस्पर बंद करायची नाही, आणि गुडघा दुखतो म्हणून स्वतःच्या मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. फिजिओ बंद करू नका. औषध सुरू आहे, बीपी-नाडी स्थिर आहे, तर चालणं हवंच. वॉर्डातून निघण्याआधी फिजिशियन आणि फिजिओ दोघांना समोरासमोर विचारून घ्या की कुठल्या दिवसापासून किती. तीन महिन्यांनी जिना चढताना धाप उरलेली असेल तर पुन्हा इको लागेल. थोड्या जणांत गुठळी पूर्ण विरघळत नाही आणि फुप्फुसातला दाब वाढून राहतो, त्याचा उपचार वेगळा असतो.

मृद्गंध

लिहून घेतलं. फिजिओ करणाऱ्या मुलीलाही फोन केला, ती उद्या वॉर्डात येतेय. पोटरी टणक लागली होती तो दिवस कुठला, हे तिच्या वहीत आहे म्हणाली. ती वही फिजिशियनना दाखवणार आहे.